मंगळवारी निवड, शुक्रवारी फक्त नोंद: एका लांबलेल्या नोकरीशोधाचं प्रकरण

हे प्रकरण चाकणच्या एका इंजिनिअरचं आहे. वय 41, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पंधरा वर्षं सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाच्या दर्जाचं काम. त्यांची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटमध्ये हलवली गेली, हिशेब चुकता झाला आणि ते घरी बसले. राहायला मोशीत, घराचा हप्ता 24 हजार, पत्नी शाळेत अर्धवेळ शिकवते. मी पूर्वी कारखान्यांच्या एचआरमध्ये होते, आता नोकरी बदलणाऱ्या आणि नोकरी गेलेल्या लोकांबरोबर काम करते. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे ते आले तेव्हा शोधाचा अकरावा आठवडा नुकताच संपला होता. त्या एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या होत्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

पहिली गोष्ट सोमवारची. एका मोठ्या सुट्या भागांच्या कंपनीची जाहिरात त्यांच्यासमोर आली होती. सप्लायर क्वालिटी, दहा वर्षांहून जास्त अनुभव, चाकणमध्येच. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की आयएटीएफ 16949 या वाहन उद्योगातल्या गुणवत्ता मानकाचं अंतर्गत ऑडिटर प्रमाणपत्र आणि थोडं जर्मन येत असेल तर प्राधान्य. प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, जर्मन नव्हतं. त्यांनी जाहिरात बंद केली. का, असं विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, अशा ठिकाणी आपल्याला कोण बोलावतंय?"

दुसरी गोष्ट शुक्रवारची. सुप्याच्या एका छोट्या कंपनीतून फोन आला, वीस मिनिटांची व्हिडिओ मुलाखत झाली आणि संध्याकाळी सातला "क्वालिटी मॅनेजर, साडेअकरा लाख, सोमवारपासून या" असं सांगण्यात आलं. त्यांनी फोनवरच होकार दिला. शनिवारी पत्र आलं, ते त्यांनी रविवारी नीट वाचलं, आणि सोमवारी माझ्याकडे आले.

पत्रातला हिशेब आम्ही एकत्र मांडला. साडेअकरा लाखांना बाराने भागलं की सुमारे 95 हजार 800 येतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या डोक्यात हाच आकडा होता. पण त्या साडेअकरा लाखांत 2 लाख 30 हजार कामगिरीवर अवलंबून होते, आणि ते वर्षअखेरीस मिळणार होते. बेसिक 4 लाख 60 हजार. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 55 हजारांच्या आसपास आणि ग्रॅच्युइटीची तरतूद 22 हजार, दोन्ही त्या साडेअकरा लाखांतच धरलेले. हे सगळं वजा केलं की महिन्याला 70 हजार उरतात. त्यातून त्यांच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात साधारण साडेपासष्ट हजार, आयकर वेगळा. आधीच्या नोकरीत हातात 82 हजार येत होते. शिवाय तेच पद त्या कंपनीने वर्षभरात निदान तीन वेळा जाहिरातीत टाकलं होतं. पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून शोधलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं.

पंधरा वर्षं पुरवठादारांची कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाला हे वाचता येत नव्हतं, असं कोण म्हणेल? वाचता येतच होतं, रविवारी त्यांनी ते वाचलंही. शुक्रवारी सातला होकार दिला तो ते हाती येण्याआधीच.

थकव्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा अर्जांच्या संख्येची काळजी करतो. माणूस थकला, अर्ज कमी झाले, म्हणून नोकरी लांबली, असा हिशेब. या गृहस्थांचे अर्ज कमी झालेच नव्हते. सकाळी नऊला पोर्टल उघडायचं आणि दिवसाला पंधरा-वीस ठिकाणी अर्ज टाकायचे, असं दहा आठवडे चाललं होतं. बिघडली होती ती पारख, आणि ती एकाच दिशेने बिघडत नव्हती. सोमवारी आदल्या आठवड्याच्या नकारांचं ओझं असायचं, म्हणून चांगली जागा आवाक्याबाहेरची वाटायची. शुक्रवारी "हाही आठवडा गेला" ही भीती असायची, म्हणून वाईट जागाही बरी वाटायची. ज्याची मोजपट्टी नेहमी दोन मिलिमीटर जास्त दाखवते त्याला निदान दुरुस्ती तरी करता येते. कधी जास्त आणि कधी कमी दाखवणाऱ्या मोजपट्टीचं काय करणार?

नोकरी शोधणाऱ्यांचा दर आठवड्याला मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. ॲलन क्रूगर आणि आंद्रेयास म्युलर या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 आणि 2010 मध्ये न्यू जर्सीतल्या सहा हजारांहून जास्त बेरोजगारांना 24 आठवड्यांपर्यंत दर आठवड्याला प्रश्न विचारले. बेकारी लांबत गेली तसा शोधावर दिला जाणारा वेळ घटत गेला, आणि नोकरी शोधण्याचे तास हे दिवसातले विशेष दुःखाचे तास ठरत गेले. त्याच माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली: कमीत कमी किती पगारावर नोकरी घेऊ, हा लोकांच्या मनातला आकडा महिने उलटले तरी फारसा खाली येत नव्हता. मला या दोन गोष्टी एकत्र महत्त्वाच्या वाटतात. माणूस दमत जातो, पण मनातला निकष तो विचारपूर्वक बदलत नाही. मग एखाद्या संध्याकाळी निकषच गळून पडतो. न्यू जर्सीच्या अभ्यासात हे शेवटचं वाक्य नाही, ते माझ्यासमोर बसणाऱ्या लोकांवरून मी म्हणते आहे.

आम्ही सगळ्यात आधी जाहिराती नव्हे, घरचा खर्च काढला. पत्नीला सोबत घेऊनच. हप्त्यासकट महिन्याला 62 हजार लागत होते, त्यातले 18 हजार पत्नीच्या पगारातून येत होते, म्हणजे 44 हजारांचा खड्डा. पीएफला हात न लावता ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि बचत यांतून तो अजून साडेसहा महिने भरला जाणार होता. शुक्रवारच्या होकारामागे "दोन महिन्यांत सगळं संपेल" ही भावना होती. ती खरी असती तर होकार चुकीचा ठरला नसता, म्हणून ती तपासणं आधी गरजेचं होतं.

सुप्याची ऑफर त्यांनी त्याच दिवशी लेखी नाकारली आणि आम्ही आठवडा बांधायला घेतला. त्याचं मूळ सूत्र एकच होतं: जाहिराती गोळा करणं, त्या जोखणं आणि अर्ज लिहिणं ही तीन वेगळी कामं आहेत, ती एकाच बैठकीत करायची नाहीत. पोर्टलवर हे तिन्ही एकात मिसळतं. जाहिरात दिसते, मनात निकाल लागतो, बटण दाबलं जातं, आणि विसाव्या जाहिरातीचा निकाल पहिल्या एकोणीस जाहिरातींच्या थकव्यातून लागतो.

सोमवार गोळा करण्याचा. सकाळी दोन तास, पोर्टल, कंपन्यांच्या वेबसाइट आणि लिंक्डइन. जे क्षेत्रात बसतं ते एका फाइलमध्ये उतरवायचं, चांगलं की वाईट हे ठरवायचं नाही. सोमवारची त्यांची "मला कोण बोलावतंय" ही सवय इथेच अडवली गेली, कारण नाकारण्याची परवानगीच सोमवारी नव्हती.

मंगळवार जोखण्याचा. सकाळी नऊ ते साडेदहा, फोन दुसऱ्या खोलीत, जास्तीत जास्त आठ जाहिराती. त्यासाठी पाच प्रश्नांचा एक कागद त्यांनी स्वतः केला आणि प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दर महिन्याला हातात येणारी निश्चित रक्कम घरच्या किमान आकड्यापेक्षा वर आहे का. रोजचा प्रवास आणि शिफ्ट पाच वर्षं झेपेल का. वरिष्ठ कोण, आणि माल थांबवण्याचा अधिकार क्वालिटीकडे आहे की प्रॉडक्शनकडे. जागा का रिकामी झाली. आणि इथून पुढची नोकरी मिळेल असं काम इथे शिकायला मिळेल का. जाहिरातीत सगळी उत्तरं नसतात. जे माहीत नाही त्याला एक गुण द्यायचा आणि प्रश्न वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे पहिल्या कॉलमध्ये तो विचारता येतो. दहापैकी सहा किंवा जास्त गुण पडले तरच अर्ज. नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणारी कन्सल्टन्सी गुणांपर्यंत पोचतच नाही.

बुधवारी अर्ज, तीन किंवा चार, त्याहून जास्त नाहीत. प्रत्येक अर्जात रेझ्युमेच्या पहिल्या अर्ध्या पानावर त्या जागेला लागू पडणारी दोन कामं वर आणायची. त्यांच्या बाबतीत एका पुरवठादाराकडचं वारंवार येणारं रिजेक्शन त्यांनी आठ महिन्यांत कसं खाली आणलं ही हकिगत होती. ती आधीच्या शेकडो अर्जांत तिसऱ्या पानावर पडून होती.

गुरुवार माणसांचा. भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच छोट्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, म्हणून जुने पुरवठादार, ऑडिटमध्ये भेटलेली माणसं त्या दिवशी निवांत असतात. एक किंवा दोन भेटी, चहावर. नोकरी मागायची नाही, कुठल्या कंपनीत नवी लाइन येते आहे, कुठल्या ग्राहकाचं नवं मॉडेल कोणाला मिळालंय, हे विचारायचं. सप्लायर क्वालिटीची माणसं लागतात ती नव्या पार्टचं पीपीएपी, म्हणजे ग्राहकाकडून त्याला मंजुरी घेण्याची प्रक्रिया, सुरू होण्याआधी, आणि ही खबर जाहिरातीच्या महिनाभर आधी पुरवठादारांना असते.

शुक्रवारी नोंद आणि पाठपुरावा. कोणाचं उत्तर आलं, कोणाला आठवण करायची, एवढंच. शुक्रवारी दुपारनंतर कुठल्याही जागेला हो नाही आणि नाहीसुद्धा नाही. शनिवार वॉक-इन मुलाखतींसाठी मोकळा, कारण चाकणकडे बऱ्याच वॉक-इन शनिवारीच होतात, मात्र मंगळवारच्या कागदावर पास झालेल्या जागेसाठीच जायचं. रविवारी पोर्टल बंद.

कागदावर हे सरळ दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत ते रिक्रूटरच्या फोनमुळे मोडलं. फोन वार बघून येत नाहीत. "सर, आज संध्याकाळपर्यंत सांगा, प्रोफाइल क्लोज होतंय" असं गुरुवारी साडेसहाला कोणी म्हटलं की मंगळवारची वाट कशी बघायची? यासाठी एक ठरीव उत्तर तयार केलं: "कामाचं वर्णन आणि पगाराची विभागणी मेल करा, उद्या सकाळी अकरापर्यंत नक्की कळवतो." एक रात्र मध्ये आली की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तोच कागद काढून ती एक जागा जोखता येते. मी स्वतः भरती केली आहे, खऱ्या जागेसाठी एका रात्रीने काही बिघडत नाही. त्यांच्या बाबतीत बहुतेकांनी मेल पाठवला. ज्यांनी पाठवला नाही त्यांचे फोन पुन्हा आले नाहीत. मुलाखतीला हो म्हणणं मात्र कुठल्याही वारी चालतं, तो निर्णय परत फिरवता येतो. राखून ठेवायचे ते न फिरणारे निर्णय: ऑफरला होकार, आणि चांगल्या जागेला नकार.

दुसरी अडचण जास्त खोल होती आणि तिचा उपाय त्यांनीच काढला. मंगळवारी सकाळी माणूस ताजा असेलच याची खात्री काय? सोमवारी रात्री मुलीला ताप असू शकतो, सोमवारी संध्याकाळी तिसऱ्या राउंडनंतरचा नकार आलेला असू शकतो. आणि दमलेल्या माणसाला आपण दमलो आहोत हे कळतंच असं नाही. ते म्हणाले, "कारखान्यात आम्ही शिफ्टच्या सुरुवातीला माप घेण्याचं गेज मास्टरवर तपासतो. मास्टरचं माप माहीत असतं. गेजने वेगळं दाखवलं तर त्या गेजने माल पास करायचा नाही."

मग त्यांनी जाहिरातींचे मास्टर केले. आधीच्या आठवड्यांत चांगल्या मनःस्थितीत जोखलेल्या दहा-बारा जाहिराती छापल्या, गुण मागच्या बाजूला लिहिले, कंपनीचं नाव खोडलं. दर मंगळवारी पत्नी त्यातल्या दोन नव्या गठ्ठ्यात मिसळून द्यायची. जुन्या जाहिरातीचा आजचा गुण मागच्या गुणापेक्षा दोनहून जास्त हलला, तर त्या दिवशीचे सगळे गुण रद्द, काम बुधवारी सकाळी, आणि अर्ज गुरुवारी.

इथे एक मर्यादा आहे. जुनी जाहिरात ओळखू येते. फार चांगली आणि फार वाईट जाहिरात तर गुणांसकट आठवते, म्हणून त्यांचा मास्टर म्हणून उपयोग नाही. पाच-सहा गुणांच्या मधल्या जाहिराती निवडायच्या, त्या आठवत नाहीत आणि डळमळीत मन त्यांच्यावरच सगळ्यात आधी दिसतं. तसंच दर काही आठवड्यांनी संच बदलायचा.

दोनदा ही तपासणी खरोखर कामी आली. एकदा पुण्यातल्या एका कंपनीत अंतिम फेरीनंतर नकार आला होता. त्या मंगळवारी सहा गुणांच्या जुन्या जाहिरातीला त्यांनी तीन दिले, "शिकण्यासारखं काही नाही, वरिष्ठ त्रासदायक असणार" असे शेरेही लिहिले. जाहिरातीत वरिष्ठांबद्दल एक अक्षर नव्हतं. दुसऱ्यांदा शाळेची फी भरल्यावर चार गुणांच्या जाहिरातीला आठ पडले. दोन्ही वेळा त्यांना स्वतःला बरं वाटत होतं. म्हणूनच "आज कसं वाटतंय" हे विचारण्यापेक्षा मला ही पद्धत पटते.

आता निकष खाली आणण्याबद्दल. थकव्यापासून पारख वाचवायची म्हणजे निकष धरून बसायचं, असा अर्थ काहींनी घेतला आहे आणि त्यात त्यांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. पैसे संपत जातात तसा किमान आकडा खाली यायलाच हवा. आम्ही त्यासाठी दर सहा आठवड्यांनी एक मंगळवार ठेवला. पती-पत्नी दोघांनी बसून शिल्लक बघायची आणि पुढच्या सहा आठवड्यांचा आकडा ठरवायचा. हातात येणाऱ्या रकमेचा तो आकडा आधी 72 हजार होता, मग 66 झाला, आणि शोध आणखी लांबला असता तर पुढचा 60 ठरला होता. सुप्याची ऑफर 66 च्या टप्प्यात आली असती तर पैशांच्या बाबतीत ती अगदी काठावर असती. नाकारावी लागली असती ती वारंवार रिकाम्या होणाऱ्या जागेमुळे. दोन्हींत फरक आहे: एकात माणूस आकडे समोर ठेवून कमी घेतो, दुसऱ्यात शुक्रवारच्या भीतीने.

निकालाकडे बघताना मी जपून बोलते. पहिल्या दहा आठवड्यांत शेकडो अर्ज गेले होते आणि मुलाखती दोन झाल्या. नंतरच्या सतरा आठवड्यांत पन्नासच्या आसपास अर्ज आणि सात मुलाखती. पण मधल्या काळात एप्रिल-मेची पगारवाढ झाली, लोकांनी राजीनामे दिले, जागा उघडल्या. अर्ध्या पानाची दुरुस्तीही त्याच काळातली. आठवड्याच्या आखणीचा यात नेमका वाटा किती हे एका प्रकरणावरून काढता येणार नाही. मला खात्रीने सांगता येतं ते एवढंच की त्या सतरा आठवड्यांत त्यांनी एकही होकार परत घेतला नाही, आणि सोमवारी टाकून दिली असती अशा निदान तीन जागांच्या मुलाखती दिल्या. जर्मनची ओळ असलेली ती जागा मात्र तोवर भरली गेली होती.

ज्याच्याकडे महिनाभराचेच पैसे आहेत त्याच्यासाठी ही आखणी जशीच्या तशी नाही. त्याला आधी थर्ड पार्टी इन्स्पेक्शनसारखं हातचं काम पकडावं लागतं, आणि मग जोखण्याची एक सकाळ तेवढी वाचवावी लागते, बहुधा सुट्टीच्या दिवशीची. बाकीचं सगळं सोडावं लागलं तरी जाहिरात जोखण्याची वेळ आणि अर्ज टाकण्याची वेळ वेगळी राहिली, तर मुख्य फायदा हाती राहतो.

अखेर नोकरी लागली ती रांजणगावला, गुरुवारच्या एका चहातून कळलेल्या जागेवर. ऑफर गुरुवारी संध्याकाळी आली. त्यांनी पगाराची विभागणी मागवली, शुक्रवारी सकाळी पहिल्यांदा आणि मंगळवारी मास्टर तपासून पुन्हा जोखली, आणि उत्तरासाठी मंगळवार दुपारपर्यंतची मुदत आधीच मागून घेतली. कंपनीने ती सहज दिली. हातात 71 हजार, कामगिरीचा हिस्सा फक्त आठ टक्के. जागा रिकामी होण्याचं कारण आधीचा माणूस त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला गेला हे होतं, आणि ते त्यांनी त्या माणसालाच फोन करून पडताळलं. दोन्ही दिवशी आठ गुण पडले. प्रवासाच्या रकान्यात दोन्ही वेळा शून्य होतं: मोशीहून कंपनीची बस चाकण-शिक्रापूर मार्गे जाते, सकाळी दीड तास, आणि संध्याकाळी त्या रस्त्यावरच्या ट्रकांमुळे कधी कधी त्याहून जास्त. त्या शून्यावर पती-पत्नी सोमवारी रात्री बोलले, मुलीची दहावी होईपर्यंत घर बदलायचं नाही असं ठरलं, आणि मंगळवारी दुपारी होकाराचा मेल गेला.